रोज सहा किलोमीटर चालतो, तरी उठताना हात टेकावा लागतो

प्रश्न : माझं वय ६७, उंची साडेपाच फूट. आम्ही शाकाहारी, अंडीही खात नाही. दीड वर्षापूर्वी शुगर सीमेवर आली म्हणून रोज पहाटे सहा किलोमीटर चालायला लागलो. रात्रीचं जेवण सोडलं, फक्त कपभर दूध आणि एखादं फळ घेतो. वजन ७२ वरून ६४ वर आलं, शुगर सुधारली, सगळे कौतुक करतात. पण गेल्या काही महिन्यांत पूजेला मांडी घालून बसलो की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. जिन्याचा कठडा धरावा लागतो. पोटऱ्या बारीक झाल्यात. मुलाने प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला, पण हिचं म्हणणं त्याने किडनी खराब होते. डबा तसाच पडून आहे. मी चालणं आठ किलोमीटर करू का? की वयच झालं म्हणायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

नमस्कार काका,

चालणं आठ किलोमीटर करू नका, आणि वयावरही ढकलू नका. तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत: उतरलेलं वजन, सुटलेलं रात्रीचं जेवण आणि पायातून गेलेली ताकद.

वजनापासून सुरुवात करू. आठ किलो उतरले ते सगळे चरबीचे, असं आपण धरून चालतो. काटा मात्र चरबी आणि स्नायू यांच्यात फरक करत नाही. खाणं कमी करून वजन उतरवलं, की जे उतरतं त्यातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो. ताकदीचा व्यायाम सोबत नसेल आणि प्रोटीन कमी पडत असेल, तर हा हिस्सा आणखी वाढू शकतो. तिशीत असं झालं तर शरीर ते हळूहळू भरून काढतं. साठीनंतर स्नायू तसेही दरवर्षी थोडे थोडे कमी होत असतात, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही वेगाने कमी होते. तुमच्या बाबतीत वयामुळे होणारी घट आणि डाएटमुळे झालेली घट एकाच दीड वर्षात एकत्र आली.

मग रोजच्या सहा किलोमीटरचं काय? ते वाया गेलेले नाहीत. तुमची शुगर सुधारली, हृदय आणि फुप्फुसं तयार राहिली, ती त्यांच्यामुळेच. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीचे स्नायू आपल्या ताकदीचा लहानसाच भाग वापरतात. तेच हलकं काम हजारो वेळा केलं की दम वाढतो, जोर वाढत नाही. स्नायूला अधिक बळकट होण्याचं कारण मिळायला हवं, आणि ते कारण म्हणजे त्याला आठ-दहा वेळांतच थकवणारं ओझं. जमिनीवरून उठताना मांड्यांना एकदम तुमचं जवळजवळ सगळं वजन उचलावं लागतं. तशी वेळ चालताना येतच नाही. म्हणून सहाचे आठ केले तरी पूजेवरून उठताना हात टेकावाच लागेल, आणि खाणं आहे तेवढंच राहिलं तर वजन आणखी उतरेल. तुमच्या उंचीला ६४ किलो अगदी योग्य आहे. यापुढे उतरवू नका.

आता ताटाकडे येते. तुम्ही दिवसभराचा आहार सविस्तर कळवलेला नाही, म्हणून तुमच्यासारख्या घरात बहुधा जे असतं ते धरून हिशोब मांडते. वेगळं असेल तिथे तुम्ही बदलून घ्या.

पहाटेचा चहा आणि दोन बिस्किटं, यात मिळून २ ग्रॅम प्रोटीन. फिरून आल्यावर बशीभर पोहे किंवा उपमा, ४ ते ५ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ आमटी, थोडा भात आणि ताक, सगळं मिळून १७ च्या आसपास. चार वाजता चहा-चिवडा, ३ ते ४. रात्री कपभर दूध, ६ ते ७. बेरीज साधारण ३५ ग्रॅम होते.

आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. तुमच्या वजनाला ते ५३ ग्रॅम होतं. हा आकडा सर्वसाधारण प्रौढांसाठीचा आहे. वृद्धांच्या पोषणावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटांनी २०१३-१४ च्या सुमारास पासष्टीपुढच्या निरोगी माणसांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं. त्या हिशोबाने तुम्हाला ६४ ते ७७ ग्रॅम, म्हणजे सोयीसाठी ७० धरू. पोटात जातं त्याच्या निम्मं. शुगर सांभाळण्यासाठी रात्रीचं जेवण काढलं, तेव्हा भाकरी-भातासोबत आमटी-उसळही गेली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

वय वाढलं की गरज कमी होते, मग प्रोटीन जास्त का, असं काकू विचारतील. जेवणातलं प्रोटीन पोटातून रक्तात आलं, की स्नायू ते उचलून स्वतःची डागडुजी करतात. तरुण स्नायू थोड्या पुरवठ्यावरही कामाला लागतो. वयस्क स्नायू कमी प्रतिसाद देतो, त्याला एका वेळी जास्त लागतं. प्रयोगांमध्ये हे प्रमाण एका जेवणाला किलोमागे ०.४ ग्रॅमच्या जवळपास निघालं, म्हणजे तुमच्यासाठी एका वेळी साधारण २५ ग्रॅम. पोह्यांच्या बशीतले चार-पाच ग्रॅम त्याच्या जवळपासही जात नाहीत. दिवसाची एकूण बेरीज सगळ्यात महत्त्वाची, वाटणी त्यानंतर. पण तुमच्याकडे सकाळ आणि रात्र या दोन्ही वेळा रिकाम्या असल्यामुळे वाटणी सुधारली की बेरीज आपोआप सुधारेल.

शाकाहारात हे जमतं, पण डाळीचं वरवरचं पाणी वाढून जमत नाही. एक दिवस मांडून दाखवते. सकाळी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची दोन धिरडी करा, कोरडी डाळ ५० ग्रॅम, त्यातून १२ ग्रॅम मिळतात. त्यात ४० ग्रॅम पनीर कुस्करून भरा, ७ ग्रॅम. सोबत कपभर दूध, ६ ग्रॅम. नाश्त्यालाच २५ झाले. दुपारी दोन पोळ्या राहू द्या, पण मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ मोठी वाटी भरून घ्या, म्हणजे माणशी ४० ग्रॅम कोरडं कडधान्य, आणि ताकाऐवजी वाटीभर दही. भाजी आणि घासभर भात धरून २३ होतात. संध्याकाळी चिवड्याऐवजी मूठभर फुटाणे, ६ ग्रॅम. रात्री साडेसातच्या आत मुगाची खिचडी, डाळ-तांदूळ समसमान, आणि त्यात २० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्या भिजवून घातलेल्या. खिचडीचे ९ आणि सोयाचे १० मिळून १९. दिवसाची बेरीज ७३.

सोया आवडत नसेल तर ५० ग्रॅम पनीर घ्या, पिठल्याला बेसन सढळ घाला, किंवा आमटीत शेंगदाण्याचं कूट वाढवा. अंडी-मासे खाणाऱ्या वाचकांना हे सोपं जातं. एका अंड्यात ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम बांगड्यात २० च्या आसपास मिळतात. एकादशी-चतुर्थीला मात्र जपा. साबुदाण्यात प्रोटीन नाहीच म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी राजगिरा, दही, दाण्याची आमटी, पनीर यांच्याकडे वळा.

रात्रीचं जेवण परत सुरू केलं तर शुगर वाढेल, ही तुमची भीती मी समजू शकते. त्यासाठीच बिस्किटं, चिवडा, पोहे आणि दुपारच्या भाताचा मोठा भाग बाजूला काढला. जेवताना आधी उसळ-दही खा, पोळी-भात नंतर. भूक लवकर भागते तुमच्या वयात, आणि भाताने पोट भरलं की उसळ वाटीतच राहते. महिनाभराने शुगर तपासून बघा. आणि हे सगळं एका दिवसात करू नका. कडधान्य एकदम दुप्पट केलं तर पोटात गॅस धरतो, आणि माणूस आठवड्याभरात सगळं सोडून देतो. पहिला आठवडा फक्त नाश्ता बदला, दुसऱ्यात दुपार, तिसऱ्यात रात्र. मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नका, हिंग-आलं घालून नीट शिजवा, पाणी वाढवा.

यानंतर डब्याचा प्रश्न. प्रोटीन पावडर औषध नाही आणि विषही नाही. ते दुधातून किंवा कडधान्यातून वेगळं काढलेलं अन्नच आहे. डब्यावरचा तक्ता चष्मा लावून वाचा. १०० ग्रॅम पावडरीत प्रोटीन ७०-८० ग्रॅम असेल तर ती खरोखर प्रोटीनची पावडर. तिशीच्या आसपास असेल तर बाकी बहुतेक पिठूळ साखर आणि दुधाची भुकटी, आणि तुमच्या शुगरला ती बरी नाही. ज्या दिवशी धिरडी करणं झालं नाही, प्रवास आहे, दात दुखतोय, त्या दिवशी एक चमचा-माप दुधात घालायला हरकत नाही. जेवणाच्या जागी रोज मात्र नको.

नुसत्या पावडरीने ताकद येईल, ही आशा सोडा. बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला होता, तो १९९४ साली छापून आला. काहींना दहा आठवडे पायांचा जोरदार ताकदीचा व्यायाम दिला, काहींना पोषक पेय दिलं, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद दुपटीहून वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांची ताकद त्याने वाढली नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी स्नायू ऐकतात, तर सदुसष्टाव्या वर्षी नक्की ऐकतील, पण त्यांना काम दिलं तर.

काकूंची किडनीची शंका बिनबुडाची नाही, ती ज्यांच्यासाठी खरी आहे त्यांच्यासाठी फार महत्त्वाची आहे. किडनी निरोगी असेल तर दिवसाला ७० ग्रॅमने ती बिघडत नाही. पण साठीनंतर, त्यातून शुगर किंवा बीपी असेल, तर आपली किडनी निरोगी आहे हे गृहीत धरू नये. रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढं आधी तपासून घ्या. ईजीएफआर ६० च्या वर असेल आणि लघवीत अल्ब्युमिन वाढलेलं नसेल तर वरचा आहार सुरू करा. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ३० च्या खाली असेल तर हा हिशोब तुमच्यासाठी नाही, किडनीतज्ज्ञ सांगतील तेवढंच प्रोटीन घ्यायचं. इथे एक बारकावा आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधूनच तयार होतं. ज्याचे स्नायू खूप कमी झालेत त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, आणि किडनी थोडी मंदावली असली तरी रिपोर्ट चांगला दिसू शकतो. शंका वाटली तर डॉक्टर सिस्टाटिन-सी नावाची वेगळी तपासणी सांगतात, ती स्नायूंवर इतकी अवलंबून नसते.

तपासणीला जालच, तेव्हा बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडही पाहून घ्या. तुम्ही पूर्ण शाकाहारी आहात, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ आणखी कमी होतं. ते कमी झालं की पाय बधिर होतात, तोल जातो, आणि सगळा दोष आपण स्नायूंना देत बसतो.

व्यायामाला जिमची गरज नाही. आधी आज कुठे आहात ते मोजा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्या, हात छातीवर बांधा आणि सलग पाच वेळा पूर्ण उभं राहून बसा. कोणालातरी घड्याळ धरायला सांगा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली असं धरतात. मग बसून पोटरीच्या सगळ्यात जाड भागाला टेप लावा. पुरुषांमध्ये ३४ सेंटीमीटरच्या आत आणि बायकांमध्ये ३३ च्या आत घेर आला, तर स्नायू घटल्याची शक्यता मोठी. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा.

मग आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पाऊण तासाच्या आत उरकेल एवढंच करा. त्या दिवशी चालणं चार किलोमीटर पुरे. मुख्य व्यायाम खुर्चीतून उठण्याचा: हात न लावता उठायचं, आणि बसताना मनात चार मोजत सावकाश बसायचं. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. आठ ते दहा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. नंतर जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका पायाने चढ-उतार, कठड्याला बोटं लावून, प्रत्येक पायाने दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं, पोटऱ्यांसाठी. भिंतीवर हात ठेवून केलेले जोर, छाती-दंडांसाठी. आणि पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घालून, कंबरेतून थोडं पुढे वाकून कोपर मागे नेत ती वर ओढणं, पाठीसाठी. एवढे पाच पुरेत.

ओझं बरोबर आहे की नाही हे शेवटच्या दोन वेळांवरून ओळखायचं. नववी-दहावी वेळ कष्टाची वाटली पाहिजे, पण ढब बिघडता कामा नये. पंधरा वेळा सहज होऊ लागलं की नुसती संख्या वाढवत बसू नका, काम अवघड करा. खुर्चीवरची उशी काढा, मग दोन-तीन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा, मग बैठक खाली आणा: खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून चौरंगावर. बहुतेक लोक इथेच चुकतात. पहिल्या महिन्याचा व्यायाम वर्षभर तसाच करतात आणि मग काही फरक पडत नाही म्हणतात. तुमचं ध्येय चौरंगाखालची जमीन आहे, तिथवर उतरत जायचं.

उठताना श्वास सोडा. दम रोखून जोर लावला की बीपी एकदम चढतं. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, तो ठणका दोन दिवसांत जातो आणि त्यात काही वाईट नाही. गुडघ्यात कळ येत असेल किंवा सूज येत असेल तर बैठक उंच करा. छातीत दाब, चक्कर, किंवा नेहमीपेक्षा वेगळा धाप लागणं, हे झालं तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्या घेत असाल तर झटकन उभं राहिल्यावर अंधारी येते का, हे पहिल्या आठवड्यात बघा.

पहिल्या तीन-चार आठवड्यांतच उठणं थोडं सोपं वाटू लागेल. तेव्हा स्नायू अजून वाढलेले नसतात, असलेल्या स्नायूंना मज्जातंतू नीट कामाला लावू लागतात. पोटरीचा घेर बदलायला दोन-तीन महिने लागतात. बारा आठवड्यांनी पुन्हा पाच वेळा उठून वेळ मोजा. वजन या काळात किलो-दीड किलोने वाढलं तर घाबरून रात्रीचं जेवण बंद करू नका. कंबरेचा घेर तेवढाच असेल तर चरबी वाढलेली नाही. उलट नीट जेवूनही वजन उतरतच राहिलं, किंवा एकाच बाजूचा हात-पाय कमजोर वाटला, तर हा सल्ला बाजूला ठेवून लगेच तपासणी करून घ्या. ते वेगळं दुखणं असू शकतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण या वयात ती कधीतरी येतेच. डेंग्यू, ऑपरेशन, पडणं, अशा कशानेही आठ-दहा दिवस अंथरूण धरावं लागलं तर स्नायू फार झपाट्याने जातात. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा फक्त पायांतूनच त्यांचा जवळजवळ एक किलो स्नायूभार गेल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिल्याबरोबर पलंगाच्या कडेला उठणं-बसणं सुरू करा, आणि आजारपणात नुसत्या भाताच्या पेजेवर राहू नका. पेजेत मुगाची डाळ घोटून घाला, दही द्या, पनीर कुस्करून द्या.

आणि काकूंनाही खुर्चीवर बसवून घड्याळ लावा. बायकांकडे स्नायूंचा साठा मुळातच कमी असतो, पाळी गेल्यानंतर तो आणखी घटतो, आणि आपल्या घरांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत आमटीचं पाणीच उरलेलं असतं. त्यांचं वजन ५५ किलो असेल तर त्यांना दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम लागतं. किडनीच्या तपासण्या त्यांच्याही करून घ्या, आणि धिरड्यांची डाळ दोघांच्या मापाने भिजत घाला.